वर्णनाच्या स्क्रीनशॉटवरून चॅप्टरची यादी करताना या चुका टाळा

फोंडा तालुक्यातील एका देवळाच्या सभामंडपात रामनवमीला झालेल्या कीर्तनाचे चित्रीकरण मंडळाने यूट्यूबवर ठेवले होते. ते चॅनेल पुढे बंद झाले. मूळ चित्रीकरण एका कार्यकर्त्याच्या हार्ड डिस्कवर सुरक्षित होते, परंतु वर्णनात मेहनतीने लिहिलेली चॅप्टरची यादी, म्हणजे कोणता भाग कोणत्या वेळेला सुरू होतो याची यादी, मात्र व्हॉट्सॲपवरील एका स्क्रीनशॉटपुरतीच उरली होती. व्हिडिओ नव्याने चढवताना त्या चित्रावरून यादी पुन्हा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात ज्या चुका मी केल्या किंवा थोडक्यात टाळल्या, त्या येथे क्रमाने मांडतो.

यादी वाचण्याआधी ती पूर्ण आहे की नाही हे पाहावे. मोबाइलवर वर्णन पूर्ण उघडलेले नसेल, तर स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या काही ओळीच येतात आणि पुढचे सारे दडलेले राहते. आमच्या यादीतील शेवटची वेळ 1:31:40 होती, तिच्यापुढे भैरवी आणि आरती असे लिहिले होते, आणि जुना व्हिडिओ 1:38:20 लांबीचा होता. भैरवी आणि आरतीला ६ मिनिटे ४० सेकंद लागणे स्वाभाविक आहे, म्हणून यादी पूर्ण असल्याची खात्री पटली. शेवटची नोंद 47:30 ला असती, तर खालचा भाग कापला गेला आहे असेच मानावे लागले असते.

चित्रातील मजकूर काढण्यासाठी मी टेसरॅक्ट वापरले. भाषा म्हणून केवळ मराठी देऊ नये, कारण ओळीत मराठी शीर्षक आणि इंग्रजी अंक एकत्र असतात.

```
tesseract yadi.png yadi -l mar+eng --psm 6
```

व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र दाबून लहान केलेले असते, त्यामुळे ज्याच्या फोनमध्ये मूळ स्क्रीनशॉट आहे त्याच्याकडून ते फोटो म्हणून न घेता डॉक्युमेंट म्हणून मागवावे. आमच्याकडे मूळ चित्र उरले नव्हते, आणि हाती आले ते असे:

```
0:00 नमन
6:45 पूर्वरंग, मूळपद
13:20 निरूपण आणि त्यातील
दृष्टांत 2
41ः05 नामगजर
47:30 उत्तररंग, आख्यान
1:12.10 युद्धप्रसंग
1:31:40 भैरवी आणि आरती
```

यातली सर्वांत फसवी चूक पाचव्या ओळीत आहे. तेथे अपूर्णविराम नसून विसर्ग आहे. मराठी वाचणारे साधन दोन ठिपके दिसले की त्यांना विसर्ग समजू शकते, आणि पडद्यावर तो इतका सारखा दिसतो की डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते. यूट्यूब मात्र त्याला वेळ मानत नाही. यावर सोपा उपाय असा की मजकूर-संपादकात विसर्ग शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी तो खरोखर शब्दातला आहे की अंकांमधला, हे पाहून अंकांमधला बदलावा. ‘दुःख’ शब्दातला विसर्ग त्यात जाऊ नये, म्हणून सगळे एकदम बदलू नयेत. 1:12.10 मधला टिंब डोळ्यांना लगेच दिसतो, तो तिथल्या तिथे सुधारता येतो. देवनागरी अंक आले असतील तर तेही इंग्रजी अंकांत करून घ्यावेत.

तिसऱ्या ओळीचे शीर्षक फोनच्या अरुंद पडद्यामुळे मोडले आणि ‘दृष्टांत 2’ ही स्वतंत्र ओळ झाली. वेळ नसलेली ओळ नेहमी वरच्या ओळीला जोडावी.

याच ओळीतील 13:20 ही वेळही चुकीची होती, मूळात ती 18:20 होती. 8 आणि 3 यांची गफलत अस्पष्ट चित्रात नित्याची आहे. वेळा चढत्या क्रमाने आहेत की नाहीत एवढेच पाहिले, तर ही चूक सापडत नाही, कारण 6:45 आणि 41:05 यांच्यामध्ये दोन्ही वेळा बसतात. मी जुन्या चित्रीकरणात 13:20 वर जाऊन ऐकले, तेव्हा बुवा अजून मूळपदच गात होते, आणि निरूपण पाच मिनिटांनी सुरू झाले. म्हणून प्रत्येक वेळ, अपवाद न करता, चित्रीकरणावर ऐकूनच पक्की करावी. सात नोंदींना दहा मिनिटे पुरतात.

एवढे झाल्यावर यादी तयार आहे असे वाटते, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. नव्या व्हिडिओत आम्ही आरंभीची ३५ सेकंदे, म्हणजे माइक जुळवण्याचा भाग, काढून टाकली होती. शिवाय मध्यंतरात बुवांना हार घालण्याचा आणि आभाराचा भाग, जुन्या वेळेप्रमाणे 45:10 ते 47:20, कापला होता. अशा वेळी सगळ्या नोंदींतून एकच आकडा वजा करणे चुकीचे ठरते. नामगजरापर्यंत ३५ सेकंदे वजा होतात, आणि उत्तररंगापासून पुढे ३५ सेकंदांत आणखी २ मिनिटे १० सेकंद मिळून २ मिनिटे ४५ सेकंद वजा होतात. फरक एकसारखा आहे की मध्येच बदलतो, हे कळण्यासाठी आरंभीची, मधली आणि शेवटची अशा तीन नोंदी नव्या व्हिडिओत तपासाव्यात. पहिली जुळते आणि शेवटची पुढे सरकलेली दिसते, तेव्हा मध्ये कोठेतरी कापलेले आहे हे नक्की.

ही वजाबाकी साध्या कॅल्क्युलेटरवर करू नये. 47.30 मधून 2.45 वजा केल्यास 44.85 येते, आणि ८५ सेकंदांची वेळ नसते, खरे उत्तर 44:45 आहे. ५९ च्या वरचे सेकंद दिसले की हीच चूक झाली आहे असे समजावे. स्प्रेडशीटमध्ये 6:45 लिहिले, तर ते सहा तास पंचेचाळीस मिनिटे असे वाचले जाते. म्हणून तेथे A1 पासून खाली प्रत्येक वेळ 0:06:45 अशी तासासह लिहावी आणि मग वजा करावी.

```
=A2-TIME(0,0,35)
=A5-TIME(0,2,45)
```

सुधारलेली यादी अशी झाली:

```
0:00 नमन
6:10 पूर्वरंग, मूळपद
17:45 निरूपण आणि त्यातील दृष्टांत 2
40:30 नामगजर
44:45 उत्तररंग, आख्यान
1:09:25 युद्धप्रसंग
1:28:55 भैरवी आणि आरती
```

पहिल्या नोंदीतून काही वजा केलेले नाही, हे मुद्दाम पाहावे. यूट्यूबवर यादीची सुरुवात 0:00 पासूनच व्हावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्या लागतात, आणि कोणताही चॅप्टर दहा सेकंदांपेक्षा लहान चालत नाही. आमच्या पहिल्या प्रयत्नात सहकाऱ्याने वर नमनाआधी ‘प्रास्ताविक’ अशी आठ सेकंदांची नोंद घातली होती, आणि तेवढ्याने पट्टीवर एकही चॅप्टर उमटला नाही. ती काढताच सगळे दिसू लागले. शीर्षकांत कोनी कंस वापरू नयेत, कारण यूट्यूब वर्णनात ते स्वीकारत नाही.

वर्णन जतन केल्यावर प्रेक्षकाच्या बाजूने व्हिडिओ उघडून वर्णनातील प्रत्येक वेळ निळ्या दुव्यात बदलली आहे का, ते पाहावे. जी वेळ साध्या काळ्या अक्षरांत राहिली असेल, तिच्यात अपूर्णविरामाऐवजी दुसरे काही उरले आहे. आमच्याकडे 40:30 तशी राहिली, कारण जुना विसर्ग असलेली ओळच मी घाईने नव्या यादीत चिकटवून अंक बदलले होते.