फर्निचर सेलचे बॅनर: डिझाइनला बसण्याआधीची तयारी

सेलच्या बॅनरचं काम आलं की क्लायंटने पाठवलेला मजकूर समोर घ्या आणि एक ओळ ठेवून बाकीच्यावर काट मारायची तयारी ठेवा. उदाहरण म्हणून ओशिवऱ्यात वर्कशॉप असलेला एक दुकानदार घेऊ. विक्री ऑनलाइन, घरपोच डिलिव्हरी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत. त्याच्या व्हॉट्सअॅपवर असणार: ३०% सूट, फ्री डिलिव्हरी, नो-कॉस्ट ईएमआय, पाच वर्षांची वॉरंटी, नवीन कलेक्शन, कस्टम साइझ, आणि शेवटी ‘लोगो जरा मोठा घ्या’. यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या दृष्टीने महत्त्वाचंच असतं, म्हणून ‘यातलं काय काढू?’ असं विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं असं: ‘माणसाने बॅनर पाहिला आणि एकच गोष्ट लक्षात राहिली, तर कुठली राहावी?’ वन-बीएचकेत राहणाऱ्यांना सोफा-कम-बेड विकायचा असेल तर उत्तर बहुतेक वेळा असं निघतं: सोफा-कम-बेडवर ३०% सूट, रविवारपर्यंत. ईएमआय, वॉरंटी आणि डिलिव्हरी लँडिंग पेजवर जातील. हे त्याच्याकडून लेखी घ्या, नाहीतर तिसऱ्या फेरीत ईएमआय मागच्या दाराने परत येतो.

त्याच बैठकीत ‘३०%’ म्हणजे नेमकं काय हेही खोदून विचारा. सगळ्या सोफा-कम-बेडवर सरसकट ३०% आहे, की दोन मॉडेलवर ३० आणि बाकीच्यांवर १०? दुसरं असेल तर बॅनरवर ‘३०% सूट’ लिहिता येत नाही. ‘३०%पर्यंत’ लिहावं लागतं, आणि तो ‘पर्यंत’ कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत दडवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा असं म्हटलंय, आणि जाहिरात केलेल्या किमतीला माल खरोखर मिळण्याची वाजवी शक्यता असावी असंही. म्हणजे मराठी बॅनरखाली ‘T&C apply’ चिकटवून मोकळं होता येत नाही. माझं मत विचाराल तर क्लायंटला जाहिरातीपुरती तीन-चार मॉडेल निवडायला लावा, ज्यांवर ३०% पूर्ण आहे. संदेशही स्वच्छ राहतो आणि ‘पर्यंत’ची जागाही वाचते.

आता साइझ. ३००×२५०, ७२८×९०, १६०×६००, ३००×६००, ३२०×५० आणि ३२०×१०० एवढे सहा घेतले तरी गुगलच्या डिस्प्ले जाहिरातींत बऱ्याच जागा भरतात. मोठी साइट थेट बुक करायची असेल तर ९७०×२५० लागू शकतो, तो आधीच विचारून ठेवा. मापात एक पिक्सेलही इकडेतिकडे चालत नाही, फाइल सरळ नाकारली जाते.

बहुतेक जण ३००×२५० आधी करतात, कारण त्यात सगळं छान मावतं. तुम्ही ३२०×५० पासून सुरुवात करा. संदेश खरोखर एक आहे की तीन, हे तिथेच कळतं. हिशोब मांडून बघा. लोगोला ६० पिक्सेल, ‘पाहा’ बटणाला ७०, म्हणजे उरले १९०. सोफ्याचा फोटो ४० उंचीत बसवला तर रुंदी साधारण ८८ होते, कारण तीन सीटच्या सोफ्याची लांबी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असते. मग मजकुराला शंभर पिक्सेल राहतात, आणि त्यात ‘सोफा-कम-बेड ३०% सूट’ वाचण्याजोगं बसत नाही. काहीतरी जायलाच हवं. मी फोटो काढतो. बंद सोफ्याचा अंगठ्याएवढा फोटो पाहून तो उघडून बेड होतो हे कुणाला कळणार? शब्दांना ते सांगता येतं. फोटो गेला की तीच ओळ अठरा-वीस पिक्सेलच्या अक्षरांत एका रेषेत बसते. बटणही वेळप्रसंगी काढता येतं, कारण क्लिक पूर्ण बॅनरवर कुठेही चालतो. लोगो मात्र राहू द्या. जाहिरात कुणाची हे दिसलंच पाहिजे.

वाराचा प्रश्न उरतो. ५० पिक्सेल उंचीत मराठीच्या दोन ओळी कोंबायचा मोह होतो. इंग्रजीत एक वेळ जमेल, पण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. सोळा पिक्सेलच्या अक्षराला चोवीस तरी उंची मोकळी हवी. ‘रविवारपर्यंत’ हा शब्द बारा पिक्सेलमध्ये लावून शंभर टक्के झूमवर बघा: ‘र्यं’वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता काळा ठिपका होतो. ‘ऑक्टोबरपर्यंत’ घेतलं तर अर्धचंद्राची भर. त्यामुळे लहान साइझसाठी मजकुराची दुसरी आवृत्ती आधीच मंजूर करून घ्या. ३२०×१०० मध्ये दुसऱ्या ओळीला ‘शेवटचा दिवस रविवार’, आणि ३२०×५० मध्ये वार नाहीच.

फॉन्टही याच टप्प्यावर ठरवा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता लहान आकारात चांगला टिकतो आणि त्याची सात वजनं आहेत. माझा हात आपोआप सेमीबोल्डकडे जातो, कारण फार जाड वजनात ‘क’ आणि ‘ब’ची पोटं भरून येतात. क्लायंटचा मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला असेल तर तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या, कॉपी-पेस्टने गिचमीड होते. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूत `World-Ready Layout` निवडलंय ना, हे पाहा. ते नसेल तर ‘दिवस’ची वेलांटी ‘द’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. ज्याला मराठी वाचता येत नाही असा डिझायनर हे बघूनही पुढे पाठवतो, म्हणून शेवटचा हात मराठी वाचणाऱ्याचाच हवा.

फोटोंची मागणी क्लायंटकडे अशी नोंदवा की तो एकाच कोनातले दहा फोटो पाठवणार नाही. सोफा ही आडवी वस्तू. ७२८×९० मध्ये ७० उंचीत तो दीडशेच्या आसपास रुंद येतो आणि मजेत बसतो. १६०×६०० मध्ये मात्र दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेल सोडले की १४० रुंद आणि जेमतेम ६४ उंच असा काडेपेटीसारखा दिसतो, खाली-वर ओसाड जागा. इथे तो उघडलेला, पायथ्याकडून आणि थोड्या उंचीवरून काढलेला फोटो लागतो. त्या कोनातून बेड उभा दिसतो, उश्या वर आणि गादी खालपर्यंत, आणि ‘बेड होतो’ हे न लिहिता कळतं. ३००×६०० लाही तोच वापरा. तेव्हा समोरून बंद सोफा, पायथ्याकडून उघडा सोफा आणि ओढायच्या पट्ट्याचा जवळून एक, असे तीन कोन मागा, तिन्ही एकाच रंगाच्या कापडात. बंद सोफा राखाडी आणि उघडा मोरपिशी असेल तर सहा बॅनर सहा दुकानांचे वाटतात.

त्यामुळे एकच डिझाइन ताणून सहा मापांत बसवायचा विचार सोडा. आडवी पट्टी, चौकोन आणि उभी पट्टी अशा तीन मांडण्या वेगळ्या करा. सगळीकडे सारखं ठेवायचं ते इतकंच: पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा रंग, ‘३०%’ हा सगळ्यांत मोठा घटक, आणि वाचण्याचा क्रम, म्हणजे वस्तू, सूट, वार, बटण. पार्श्वभूमी पांढरी असेल तर कडेने एक पिक्सेलची राखाडी रेघ द्या. बहुतेक बातम्यांच्या साइट पांढऱ्या असतात आणि रेघेशिवाय बॅनर कुठे संपला ते कळत नाही.

फाइलची मर्यादा १५० केबी. पाच साइझ सहज पास होतात, अडतो तो ३००×६००, कारण लिननच्या कापडाचा पोत जेपीजीला जड जातो. मग आपण क्वालिटी खाली ओढतो आणि पहिला फटका लाल अक्षरांना बसतो. जेपीजी साधारणपणे रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतो, त्यामुळे लाल रंगातला ‘३०%’ कडेने फुटतो आणि भोवती मळकट धूर दिसतो. सेल म्हटलं की लाल हवाच असा क्लायंटचा आग्रह असतो. तेव्हा लाल पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवा, उजळपणातला फरक मोठा असला की कडा टिकतात. कापडाचा पोतही मागच्या भागात थोडा धूसर करा, केबी लगेच उतरतात.

जिफ करायचं असेल तर गुगलकडे हालचाल ३० सेकंदांत थांबली पाहिजे. सोफा बंद, सोफा उघडा, एवढी दोन दृश्यं पुरतात, आणि ‘३०% सूट’ दोन्हींत जागच्या जागी राहू दे. पहिल्या दृश्यात फक्त ‘जागा कमी पडते?’ लिहून पुढे रहस्य उलगडायचं ठरवलंत तर बहुतेक लोक तोवर खाली स्क्रोल करून गेलेले असतात.

तपासणी मोबाइलवर करा, पण व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून नको. तिथे चित्र कॉम्प्रेस होतं, शिवाय उघडल्यावर ते स्क्रीनभर ताणलं जातं आणि ३२०×५० उगाचच ऐटदार दिसतो. एखाद्या बातमीच्या पानाच्या स्क्रीनशॉटमध्ये बॅनर खऱ्या मापाने बसवा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा आणि ऑफिसात कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दोन सेकंद दाखवून फोन मागे घ्या. ‘काय होतं?’ याचं उत्तर ‘सोफ्याचं काहीतरी’ आलं तर आकडा लहान आहे. ‘३०% सूट, पण कशावर ते नाही पाहिलं’ आलं तर ‘सोफा-कम-बेड’ फिकट पडलंय.

लँडिंग पेज तयार आहे का ते बॅनर पाठवण्याआधी उघडून बघा. तोच सोफा, तोच रंग, तीच ३०% वर हवी. होमपेजवर नेऊन सोडलं तर माणूस डायनिंग टेबलांत हरवतो. लिंकच्या शेवटी साइझ लिहा, `utm_content=320x50` असं, म्हणजे कुठल्या मापाने माणसं आणली ते नंतर दिसेल. फाइलचं नावही तसंच ठेवा, `sofabed30_320x50_v2.jpg`. ‘final_final_new’ नावाच्या फाइलींतून चुकीची अपलोड होतेच.

शेवटची तारीख जाहिरातीच्या खात्यात आधीच घाला, रविवार रात्री बाराची, आणि खात्याचा टाइम झोन भारताचा आहे ना तेही पाहा. वाराचा थर प्रत्येक फाइलमध्ये सुटा ठेवा, कारण रविवारी संध्याकाळी क्लायंटचा फोन येण्याची शक्यता दाट: ‘आणखी दोन दिवस वाढवू या.’ तेव्हा ‘शेवटचा दिवस’ हे शब्द तसेच चालू ठेवणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून ‘मुदत वाढवली, मंगळवारपर्यंत’ ही ओळ ३२०×५० सोडून बाकी पाचही मापांत आधीच बसवून, ‘र्यं’ वाचता येतो का ते बघून, बाजूला ठेवून द्या. ३२०×५० ला वार नसल्यामुळे तिथे काहीच बदलावं लागत नाही, फक्त खात्यातली तारीख पुढे न्यायची.