गार, घार, कार, खार: व्हीओटी मोजताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाच्या प्रकल्पासाठी इंग्रजी पाठ्यपुस्तकातला प्रयोग जसाच्या तसा उचलला जातो. 'बा' ते 'पा' असे आवाज संगणकावर बनवायचे, व्हॉइस ऑनसेट टाइम, थोडक्यात व्हीओटी, शून्यापासून 60 मिलिसेकंदांपर्यंत वाढवत न्यायचा आणि ऐकणाऱ्याला विचारायचं, 'ब की प?' कोल्हापुरातला मराठी माणूस बहुतेक आवाजांना 'प' म्हणतो. मग अहवालात लिहिलं जातं की मराठी कानाला या दोन वर्णांची सीमा नीट कळत नाही. दोष कानाचा नाही, शून्य ते 60 या पट्टीचा आहे.

व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणजे ओठ किंवा जीभ सुटताना होणारा स्फोट आणि स्वरतंतूंच्या कंपनाची सुरुवात यांतलं अंतर. कंपन स्फोटाआधी सुरू झालं तर आकडा ऋण. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ब' बरेचदा शून्याच्या जवळपास असतो, आणि नेमका तिथेच आपला 'प' असतो. आपला 'ब' शून्याच्या बराच अलीकडे सुरू होतो. म्हणजे पट्टीचा ऋण भागच प्रयोगात नव्हता! ती साधारण −100 ते +100 हवी. शिवाय 'फ' बरेच जण दात ओठाला लावून उच्चारतात, त्यामुळे ओठांचे वर्ण सोडून गार, कार, खार, घार हे चार शब्द घ्यावेत.

आता मोजणी. समजा 'खार'चा स्फोट 2.118 सेकंदांवर आणि कंपन 2.205 वर दिसलं, तर व्हीओटी +87. 'गार'चं कंपन 1.340 वर आणि स्फोट 1.432 वर, तर −92. क-वर्गात एकामागोमाग दोन-तीन स्फोट दिसतात. मोजायचं ते पहिल्यापासून, आणि सगळ्या शब्दांना हाच नियम. शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवा: 'खार असं म्हणा'. 'मी गार म्हणतो' असं वाक्य घेतलंत तर आधीच्या स्वराचं कंपन पुढे वाहत येतं आणि कुठून मोजायचं तेच कळत नाही.

राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत पंखा चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं, तर विजेची 50 आणि 100 हर्ट्झची घरघर ऋण व्हीओटीसारखी दिसू शकते. ती ओळखणं सोपं आहे: 'कार'च्या आधीच्या शांततेतही ती तशीच असते. पुरुषी आवाजही 100 हर्ट्झच्या आसपास असल्याने फिल्टर लावण्यापेक्षा पंखा बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलेलं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवरची व्हॉइस नोट मोजणीला घेऊच नये.

मग 'घार'? तिथे पट्टी हात टेकते. लिस्कर आणि अब्राम्सन यांनी 1964 मध्ये 11 भाषा मोजल्या, त्यांत मराठीही होती. ग आणि घ दोन्ही ऋण बाजूला पडतात, नुसत्या व्हीओटीने वेगळे होत नाहीत. फरक स्फोटानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात असतो. त्यामुळे चार वर्णांना एका आकड्यात बसवू नका. घोष महाप्राणासाठी स्फोटापुढचा तो भाग वेगळा मोजा.

दुसरी मोठी चूक म्हणजे उत्तरांचा आलेख एका जागी झपकन वळला की 'वर्गनिष्ठ आकलन सिद्ध झालं' असं लिहिणं, म्हणजे सीमेपलीकडचा फरक कानाला कळतो पण एकाच वर्गातला कळत नाही असा दावा करणं. दोनच पर्याय दिल्यावर उत्तरं अशी वळतातच. समजा +30 ला 'कार', +50 ला 'खार' आणि +40 ला दोन्ही उत्तरं मिळाली. आता जोड्या ऐकवून सारखे की वेगळे ते विचारा. 30 आणि 50 मधला फरक चटकन कळला आणि तेवढ्याच अंतराच्या 70 आणि 90 मधला कळला नाही, तरच दावा टिकतो. तोही थोडा हात राखून करा, कारण एकाच वर्गातले फरक कान पूर्णपणे पुसून टाकत नाही. सीमेजवळच्या आवाजाला उत्तर द्यायला माणसं जास्त वेळ घेतात.

बाळांबद्दल तर सर्रास उलटं लिहिलं जातं: बाळ हे फरक हळूहळू शिकतं. आयमस आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये अमेरिकेत 1 आणि 4 महिन्यांच्या बाळांना एकच आवाज सतत ऐकवला. तोंडातली चोखणी चोखण्याचा वेग मंदावल्यावर +20 वरून +40 वर आवाज बदलला, तर वेग पुन्हा वाढला. वर्ग न बदलता तेवढाच फरक केला, तर तसा वाढला नाही. 1975 मध्ये चिंचिला या उंदरासारख्या प्राण्यांनीही माणसांसारखीच सीमा दाखवली, म्हणून ती जन्मजात 'भाषाज्ञान' आहे असंही म्हणता येत नाही. घरच्या भाषेचं काम नंतर दिसतं. वर्कर आणि टीस यांच्या 1984 च्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त-ट फरक कळत होता, 10 ते 12 महिन्यांच्या बहुतेकांना नाही. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना त्या वयातही तो कळत होता.

ऐकणं आणि बोलणं मात्र एक समजू नका. दोन वर्षांची मुलगी 'घार'ला 'दार' म्हणते म्हणून तिला फरक ऐकू येत नाही असं ठरत नाही. घार आणि दार यांची चित्रं समोर ठेवा, आईला नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हणू द्या, क्रम बदलत राहा, चित्रांकडे बघू नका. बोट बरोबर चित्रावर जात असेल तर प्रश्न उच्चाराचा आहे, आणि या वयात तो सहसा काळजीचा नसतो. ओळखीच्या शब्दांच्या इतर जोड्यांतही बोट वारंवार चुकत असेल, तर आधी ऑडिओलॉजिस्टकडून कान तपासून घ्या.