ओढू नको, वाकव: स्प्लिट एसीचं पॅनल उघडायला शिकताना

आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी परभणीत एका दुकानावर हेल्पर म्हणून लागलो. ब्रेझिंग येत होतं, गॅस भरता येत होता. तरी पहिल्याच महिन्यात माझ्या हातून नुकसान झालं ते इनडोअरचं, म्हणजे खोलीत भिंतीवर असतो त्या भागाचं, पुढचं पॅनल उघडताना. या कामाचा वेगळा धडा कुणी घेत नाही, म्हणून नवीन मुलांसाठी सविस्तर लिहितोय.

मे महिना होता. दीड टनाचा, सात वर्षं वापरलेला एसी. एका काकूंच्या बेडरूममध्ये, बरोबर कपाटाच्या वर बसवलेला. स्टूल ठेवायला मधोमध जागाच नव्हती, म्हणून मी उजव्या बाजूला उभा राहिलो आणि उजव्या कोपऱ्यात बोटं घालून पॅनल वर उचललं. उजवी बाजू वर आली, डावी जागची हलली नाही. मी जोर लावला. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि पॅनल एका बाजूने खाली लोंबलं.

तुटलं होतं ते वरचं उजवं टोक. आमच्या दुकानात त्याला पॅनलचा कान म्हणतात. पॅनलच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना छोटे दांडे असतात आणि दांड्याच्या शेवटी हरभऱ्याएवढी प्लास्टिकची खुंटी. ती खुंटी इनडोअरच्या बॉडीतल्या खाचेत फिरते. पॅनलची सगळी बिजागरी एवढीच. सरळ वर-खाली फिरवलं तर ती वर्षानुवर्षं टिकते. पण एक बाजू वर आणि एक खाली राहिली की जवळजवळ तीन फुटी पॅनलचा सगळा पीळ त्या एका खुंटीवर येतो. तुटण्याआधी ते प्लास्टिक पांढरं पडतं. दांड्याच्या मुळाशी दुधासारखी रेघ दिसली, की तिथे ताण येऊन गेलाय हे समजायचं.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी दुकानातलं एक भंगार इनडोअर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडून पॅनल वीस वेळा काढून-बसवून घेतलं. मी पुन्हा खेचायला लागलो की म्हणायचे, "वढायलास कशाला रे? वढू नको, वाकव."

त्यांनी आधी समजावलं ते हे, की नुसत्या फिल्टरसाठी पॅनल काढायचंच नसतं. रिमोटने एसी बंद करा, हवा सोडणारी खालची पट्टी पूर्ण मिटू द्या, मग एमसीबी पाडा. स्टूल मधोमध ठेवा आणि एवढं उंच घ्या की पॅनल छातीसमोर येईल. खालून हात वर ताणून काम केलं की आपण नकळत पॅनल स्वतःकडे खेचतो. दोन्ही बाजूंना उचलायच्या खाचा असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी खालची लॉकं सोडवा आणि पॅनल वर न्या. एका ठिकाणी ते 'टक्' करून स्वतःच अडकून उभं राहतं. तिथेच थांबा.

आता फिल्टर समोर दिसतो. त्याच्या खालच्या कडेला धरायला छोटी पट्टी असते. ती धरून फिल्टर आधी किंचित वर ढकला म्हणजे खालची कड आकड्यातून सुटते, मग स्वतःकडे आणि खाली घ्या. सरळ खाली ओढला तर फिल्टरची चौकट मोडते. मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावू नका, ब्लेडसारखी कापतात. काही मॉडेलमध्ये फिल्टर वरूनच निघतो, तिथे पॅनलला हातसुद्धा लावावा लागत नाही. म्हणून पॅनल उचलण्याआधी वरून एकदा बघून घ्या.

पॅनल पूर्ण काढायचं ते सर्व्हिसिंगला किंवा पॅनलच धुवायचं असेल तेव्हा. 'टक्' झालेल्या जागेपासून ते आणखी वर, जवळजवळ जमिनीला समांतर न्या. बऱ्याच मॉडेलमध्ये खुंटी पूर्ण गोल नसते, दोन बाजूंनी चपटी असते आणि खाचेचं तोंड अरुंद असतं. ठरावीक कोनात आल्यावरच ती त्या तोंडातून बाहेर पडते. कोन चुकला तर कितीही जोर लावा, खुंटी निघणार नाही, तुटेल. म्हणून अडलं की जोर वाढवायचा नाही, कोन थोडा वर-खाली करून बघायचा.

काढण्याआधी पॅनलला डिस्प्लेची वायर आहे का ते बघा. असेल तर आधी कनेक्टर सोडवा, वायर धरून नाही, कनेक्टरचं डोकं धरून. बहुतेक इनडोअरमध्ये पीसीबी उजवीकडे असते, त्यामुळे वायरही तिकडेच सापडते. मी म्हणूनच डावीकडून सुरुवात करतो. एका हाताने पॅनलचा भार पेलायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने डावा दांडा आतल्या बाजूला, म्हणजे पॅनलच्या मधल्या भागाकडे, हलकेच दाबायचा. दांडा जरासा वाकतो आणि खुंटी खाचेतून सरकते. वाकवणं म्हणजे एवढंच. डावी सुटली की लगेच पॅनल खाली सोडू नका. ते त्याच पातळीवर धरून उजवी खुंटी सोडवा.

बसवताना तुटण्याचं प्रमाण मला काढण्याइतकंच दिसलं आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा फिल्टरमध्ये असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ इतकी, की फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो. घरचे तो धुऊन कडक उन्हात ठेवतात, चौकट वाकते आणि मग खालची कड आकड्यात बसत नाही. फिल्टर कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचा, गरम पाणी नको, आणि सावलीत वाळवायचा. बोअरचं जड पाणी असेल तर जाळीवर पांढरी पावडर राहते, ती ओली असतानाच मऊ ब्रशने काढा. बसवताना वरची कड आधी आत, मग खालची दाबा. फिल्टर पुढे आलेला असला की पॅनल एका बाजूने मिटत नाही, बोटभर फट राहते. लोक तिथे तळव्याने ठोकतात आणि वर कान जातो. फट दिसली की पॅनल पुन्हा उघडा आणि आधी फिल्टर बघा.

पॅनल परत चढवताना दोन्ही खुंट्या खाचेत गेल्यावर ते एकदा मोकळं वर-खाली फिरवून पाहा. कुठे घासलं किंवा अडलं तर एक खुंटी नीट बसलेली नाही. सहज फिरलं तरच मिटवा आणि डावीकडे, उजवीकडे, शेवटी मध्ये दाबा.

काकूंच्या पॅनलचा कान मी फेविक्विकने चिकटवून पाहिला होता. जोडाची जागा इतकी लहान आणि वर फिरण्याचा ताण, त्यामुळे पुढच्या वेळी उघडताच तो पुन्हा सुटला. शेवटी इनडोअरवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर देऊन नवं पॅनल मागवलं, ते आठ दिवसांनी आलं. तोवर पॅनल खालच्या लॉकांवर आणि एका कानावर उभं होतं आणि पंखा जोरात केला की थरथरून वाजायचं. तेव्हापासून जुन्या एसीवर काम असलं की फिल्टरसाठी पॅनल उचलताच मी दोन्ही कानांच्या मुळाशी टॉर्च मारतो. पांढरी रेघ असेल तर घरच्यांना स्टुलावर चढवून दाखवतो, आणि त्यांनी "काढा" म्हटल्यावरच पॅनल पूर्ण काढतो.