जर्मनीत आलात, आता पोहे गिचका होऊ देऊ नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचा एक मुलगा राहायला आला. पहिल्याच रविवारी पातेलं घेऊन खाली आला: "काकू, हे बघा काय झालंय." पातेल्यात पिवळा लगदा. पोहे जाड होते, चांगले होते. पण त्याने ते वाडग्यात घालून वर नळाचं कोमट पाणी ओतलं आणि अंघोळीला गेला. थंडीत इथे सगळ्यांचाच हात गरम नळाकडे जातो. पोहे मात्र गारच पाण्याने धुवायचे, आणि भिजत घालायचे नाहीत.

दुकानातून पाकिटावर 'थिक' लिहिलेले आणा. पातळ पोहे चिवड्याचे. दोघांसाठी दोन वाट्या पोहे चाळणीत घ्या, नळाखाली धरा आणि हलक्या हाताने खालीवर करत अर्धा मिनिट धुवा. चोळू नका. चाळण झटकून पाणी पूर्ण निथळू द्या, मग झाकून दहा मिनिटं ठेवा. हीटर चालू असला की वरचे पोहे भराभर सुकतात, म्हणून झाकण हवंच. दहा मिनिटांनी एक दाणा चिमटीत दाबा. सहज मोडला तर झालं, मध्ये कणी लागली तर पाण्याचा हबका मारा. बोटाला पिठूळ चिकटलं तर जास्त भिजले. मग ते ताटात पसरून थोडे सुकू द्या, पण पूर्ण सुटे होतील अशी आशा नको. दाणा बरोबर भिजला की मीठ आणि चमचाभर साखर इथेच लावून घ्या, म्हणजे कढईत ढवळाढवळ कमी होते.

फोडणीला तीन चमचे तेल. आधी मूठभर कच्चे शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढा, नाहीतर कांद्याच्या पाण्यात मऊ पडतात. (सुपरमार्केटमधले खारे दाणे असतील तर तळू नका, शेवटी घाला आणि मीठ कमी करा.) मग मोहरी, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता, मिरची आणि एक मोठा कांदा बारीक चिरून. इथला कांदा पाणी फार सोडतो. ते आटेपर्यंत परता, पण लाल होऊ देऊ नका. आणि इथली काचेची शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते, तेव्हा कांदा पारदर्शक दिसू लागला की आच आधीच कमी करा.

आता हळद, लगेच पोहे. उलथन्याने खालून वर दोन-तीनदा, बस्स. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं दणदणीत वाफ आणा आणि कढई शेगडीवरून उचलून बाजूला ठेवा. दाणे, लिंबू, कोथिंबीर आता. खोबरं मिळालं तर उत्तम.

तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा पातेलं घेऊन आला. पोहे सुटे होते. म्हणाला, "फक्त तर्री नाही हो, काकू."