चवथीची साफसफाई: शिंका थांबवायच्या आणि बाईकवर डुलकीही घ्यायची नाही

ऑगस्ट सुरू झाला की म्हापशाच्या आमच्या औषधाच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, एका हातात रुमाल आणि तोंडात एकच वाक्य: "सर्दीची गोळी द्या, चवथीची झाडलोट काढलीय." गेल्या वर्षी असाच एक मोटरसायकल पायलट आला, पिवळ्या मडगार्डची बाईक चालवणारा, पन्नाशीचा. आदल्या रात्री त्याने माळ्यावरून माटोळीची चौकट आणि जुनी तांब्याची भांडी खाली काढली होती. सलग वीस-पंचवीस शिंका आल्या, म्हणून कपाटातल्या जुन्या पट्टीतली सर्दीची गोळी घेऊन झोपला. सकाळी शिवोलीचं भाडं घेऊन निघाला आणि पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा लागलेला त्याला कळलाच नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा पाठीमागे बसलेल्या बाईने त्याचा खांदा हलवला.

"मला झोप आली असं वाटलंही नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या या वाक्यामुळेच हा लेख लिहायला घेतला. कुठली गोळी झोप आणते, कुठली आणत नाही आणि गोळी घ्यायच्या आधी धुळीचं काय करायचं, हे चवथीच्या वेळापत्रकातच बसवून सांगतो.

आधी खात्री करा की ही ॲलर्जीच आहे

धुळीच्या ॲलर्जीत नाक आणि डोळे खाजतात, टाळूलाही खाज सुटते, शिंका एकापाठोपाठ एक येतात आणि नाकातून पाण्यासारखं पातळ, रंग नसलेलं पाणी गळतं. ताप येत नाही. साध्या सर्दीत अंग दुखतं, कणकण असते आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. ॲलर्जी मात्र माळ्यावर चढलात की सुरू होते आणि बाहेर बल्कांवावर जाऊन बसलात की हळूहळू ओसरते. नाकाची एकच बाजू सतत बंद असेल, रक्त येत असेल किंवा छातीत घरघर होऊन दम लागत असेल, तर दुकानात न येता थेट डॉक्टरकडे जा. विशेषतः घरघर. नाकाच्या ॲलर्जीसोबत दमाही असू शकतो आणि त्याला ही गोळी पुरत नाही.

धूळ म्हणजे नेमकं काय

माळ्यावरची धूळ दिसते, म्हणून आपण तिलाच दोष देतो. खरा त्रास बहुतेक वेळा तिच्यातल्या डस्ट माइट नावाच्या किड्यांचा असतो. हे किडे मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि आपल्या कातडीचे सुटलेले कण खातात. ॲलर्जी येते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. हे कण तसे जड असतात. गादी झाडली, चादर झटकली किंवा कोरड्या केरसुणीने केर काढला की ते हवेत उडतात आणि अर्ध्या-एक तासात पुन्हा खाली बसतात. शांत पडलेली धूळ फारसं काही करत नाही. आपण तिला उठवतो आणि मग ती आपल्याला छळते.

या किड्यांना पाणी प्यावं लागत नाही, हवेतला ओलावा ते अंगातच शोषून घेतात. हवेतली आर्द्रता सतत पन्नास टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरतात. पण गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि चवथ पावसातच येते. त्यामुळे गादी उन्हात टाकायची ती एप्रिल-मेमध्ये. श्रावणात अर्धवट ओली झालेली गादी पुन्हा आत आणली तर किड्यांना ओलावा आणि बुरशीला घर, दोन्ही मिळतं.

पंधरा दिवस आधी

त्या पायलटाला यंदा जुलैअखेरीसच डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला, फ्लुटिकासोनचा. नाव ऐकून लोक बिचकतात, पण दर वर्षी त्रास होणाऱ्यासाठी, विशेषतः नाक चोंदत असेल तर, गोळीपेक्षा हाच स्प्रे जास्त उपयोगी. याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. झाडलोटीच्या सकाळी घेतला तर त्या दिवशी फारसा फायदा होत नाही आणि मग लोक "स्प्रेने काही होत नाही" म्हणून तो फेकून देतात.

मारायची पद्धत तेवढी नीट शिका. आधी नाक शिंकरून मोकळं करा. मान किंचित खाली झुकवा, मागे टाकू नका. डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजवीला डावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्याऐवजी बाहेरच्या भिंतीवर पडतो. पडद्यावर मारत राहिल्याने नाकातून रक्त येतं. जोरात हुंगू नका, नाहीतर औषध घशात उतरतं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र वेगळे. ते पाच दिवसांच्या वर वापरले तर थांबवताच नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं.

गोळी निवडताना

पट्टीवरच्या ब्रँडच्या मोठ्या नावाकडे पाहू नका, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. त्या पायलटाने घेतलेल्या गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. हे जुन्या पिढीचं अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध, मेंदूत शिरतं. शिंका थांबतात, पण डोकं जड होतं आणि प्रौढांच्या शरीरातून ते अर्धं कमी व्हायलाच साधारण एक दिवस लागू शकतो. म्हणून रात्री घेतलेली गोळी सकाळी नऊच्या भाड्यावरही बसलेली असते. वाईट गोष्ट म्हणजे झोप येतेय असं वाटत नसतानाही प्रतिसाद मंदावलेला असतो. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुधा हेच असतं, शिवाय फिनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. ॲलर्जीला पॅरासिटामॉलची गरजच नसते आणि रक्तदाब असेल तर फिनिलेफ्रिन घेऊ नये. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर क्लोरफेनिरामिनही टाळा.

सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम आणि लेव्होसेटिरिझिन पाच मिलिग्रॅम ही नव्या पिढीची. तासाभरात परिणाम सुरू होतो आणि एक गोळी चोवीस तास पुरते. पण "नवी म्हणजे झोप नाही" हे अर्धसत्य आहे. चाचण्यांत सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी शंभरातल्या चौदा जणांना झोप जाणवली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हा आकडा सहा होता. बऱ्याच जणांना काही होत नाही, पण तुम्ही कोणत्या गटात आहात हे घेतल्याशिवाय कळत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी लागतो. तोंड कोरडं पडणं हाही तिचा एक त्रास.

फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. दुचाकी चालवणाऱ्याला मी आधी हीच सुचवतो. नाकाच्या ॲलर्जीसाठी साधारणपणे १२० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा. तिची एकच अट आहे: साध्या पाण्याबरोबर घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतली तर ती पोटातून नीट शोषली जात नाही आणि ॲसिडिटीच्या अ‍ॅल्युमिनिअम-मॅग्नेशियमवाल्या औषधानेही तेच होतं. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

कोणतीही असो, पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहा. दोन वेगवेगळ्या ॲलर्जीच्या गोळ्या एकत्र घेऊ नका. मिश्र गोळीत एक आणि वेगळ्या पट्टीत दुसरं, असं नकळत होतं. उर्राक किंवा फेणी घेणार असाल तर त्या दिवशी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन नको. गरोदर बाया आणि लहान मुलं यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको.

झाडलोटीचा दिवस

गोळी शिंका सुरू झाल्यावर नाही, कामाच्या दोन तास आधी घ्यायची. ॲलर्जीत शरीर हिस्टामिन सोडतं आणि त्यानेच शिंका-खाज सुरू होते. अँटीहिस्टामिन या हिस्टामिनला बसायची जागा अडवून धरतं. आधीच बसलेलं हिस्टामिन उठवायचं काम त्याला तितकं जमत नाही. पायलटाने सकाळी सातला घेतली आणि नऊला काम सुरू केलं.

माळ्यावर तो चढला नाही, त्याचा मुलगा चढला. त्याला ॲलर्जी नाही. हे जमत असेल तर कुठल्याही गोळीपेक्षा हा उपाय भारी. स्वतः चढणं भागच असेल तर एन-९५ मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. रुमाल बांधून उपयोग नाही, कडेने सगळं आत जातं. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही हेही ध्यानात ठेवा.

काम वरून खाली करा. कौलांखालची कोळिष्टकं लांब बांबूला ओलं फडकं गुंडाळून काढा, म्हणजे ती चिकटून येतात, उडत नाहीत. भांडी पुसायला ओलं कापड, जमिनीला ओला पोछा. खोली झाली की दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मगच आत जा. चादरी, उशांचे अभ्रे साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. मशीन नसेल तर हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवा. एवढ्या उष्णतेत किडे मरतात आणि धुण्यात त्यांचे कणही वाहून जातात. थंड पाण्याने कण काही प्रमाणात जातात, पण किडे जिवंत राहतात. गादी आणि उशीला विणकाम घट्ट असलेली, चेन लावलेली खोळ घाला.

संध्याकाळी डोकं धुऊन अंघोळ करा आणि कपडे बदला, नाहीतर केसांतली धूळ रात्रभर उशीवर. नाक धुण्याचं मिठाचं पाणी वापरायचं असेल तर उकळून गार केलेलं पाणीच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको. एक पेला पाण्याला पाव चमचा मीठ पुरतं.

त्या पायलटाला यंदा काम संपेपर्यंत आठ-दहा शिंका आल्या. नाक थोडं गळलं आणि डोळे दुपारी चुरचुरले, म्हणून थंड पाण्याची पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानासमोर थांबला, मागे गिऱ्हाईक बसलेलं. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "स्प्रे अजून किती दिवस?" चवथ उरकल्यावर डॉक्टर पाहतील, तोवर चालू ठेव, असं सांगितलं. पुढच्या वर्षी ॲलर्जीची कातडीची चाचणी करायची असेल तर आधी आठवडाभर या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते. एवढं त्याच्या पट्टीच्या मागे पेनने लिहून दिलं.