लो-लो लेव्हलला पंप ट्रिप होतो, पण स्टँडबाय पंप सुरू होतो: माझा अनुभव

लॉजिक टेस्टमध्ये वेसलची लेव्हल लो-लोपर्यंत उतरवली. चालू पंप P-101A बंद झाला आणि लगेच स्टँडबाय P-101B आपोआप सुरू झाला. साइटवर तो कोरडाच फिरला असता. पी अँड आयडीवरून मी बनवलेल्या कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्समध्ये लेव्हल ट्रान्समीटर LT-101 च्या ओळीत फक्त P-101A खाली खूण होती.

आधी पी अँड आयडी डावीकडून उजवीकडे पुन्हा वाचला, मग इन्स्ट्रुमेंट इंडेक्सशी टॅग जुळवले. टॅग सगळे होते. दोन दिवस वाया गेले.

शेवटी उलटं वाचलं, म्हणजे इफेक्टकडून कॉजकडे. आधी प्रत्येक मोटर आणि सोलेनॉइड असलेला प्रत्येक व्हॉल्व्ह हायलाइट केला. हेच मॅट्रिक्सचे कॉलम. मग प्रत्येकापासून तुटक सिग्नल रेषा मागे इंटरलॉकच्या चौकटीपर्यंत नेली आणि तिचा नंबर लिहिला. P-101B पुढच्या शीटवर होता, पण चौकटीचा नंबर तोच, I-1. पीडीएफमध्ये I-1 शोधल्यावर तिसऱ्या शीटवर सक्शन व्हॉल्व्ह XV-102 पण निघाला. त्यानंतरच चौकटीपासून ट्रान्समीटरपर्यंत जाऊन खुणा केल्या.

एक गोष्ट समासातल्या नोट्समध्येच सापडली: ट्रिप असताना स्टँडबायचा ऑटो-स्टार्ट रोखायचा. मोटर स्टॉपच्या खुणेतून हे कळत नाही, म्हणून ‘P-101B स्टार्ट इनहिबिट’ असा वेगळा कॉलम केला. पुन्हा टेस्ट घेतली. दोन्ही पंप बंदच राहिले.