डॅशबोर्डमागचा इतिहास कशात साठवावा: पार्के की एसक्यूलाइट

रोज आपोआप ताजा होणारा डॅशबोर्ड उभा करताना नवख्यांचे लक्ष बहुतेक वेळा आलेखांकडे असते, आणि मागे साचत जाणारी माहिती कोणत्या स्वरूपात ठेवायची हा निर्णय ज्या दिवशी पहिली फाइल लिहिली जाते त्याच दिवशी, फारसा विचार न होता, होऊन जातो. पार्के ही माहिती स्तंभवार साठवणारी फाइल आणि एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस, यांतून निवड कशावरून करावी, हे मी स्वतः चालवत असलेल्या बाजारभावाच्या डॅशबोर्डच्या आधारे सांगतो.

भारत सरकारच्या data.gov.in या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे चालू दिवसाचे भाव एपीआयद्वारे मिळतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण भाव असतो. ही सेवा त्या-त्या दिवसापुरती असल्यामुळे लासलगावच्या कांद्याचा सहा महिन्यांचा आलेख हवा असेल, तर रोजचे आकडे आपणच उतरवून साठवावे लागतात.

बहुतेक जण पहिला प्रश्न आकारमानाचा विचारतात, पण इथे तो जवळजवळ गैरलागू आहे. रोज हजार ओळी येतात असे धरले, तर वर्षाला ३,६५,००० ओळी होतात. ओळीमागे शंभर बाइट धरले तरी निर्देशांक सोडून चाळीस एमबीच्या आत काम भागते. पार्केमध्ये हीच माहिती त्याहून कितीतरी कमी जागेत मावते, कारण त्यात प्रत्येक स्तंभ सलग साठवला जातो आणि ‘लासलगाव’ हे नाव हजारो वेळा आले तरी शब्दकोशात एकदा लिहून पुढे केवळ त्याचा क्रमांक वापरला जातो. तरीही एवढ्या माहितीवर दोन्ही स्वरूपे पुरेशी वेगवान आहेत, त्यामुळे वेगाच्या तुलना वाचण्यात वेळ घालवू नये.

खरा प्रश्न असा आहे की, एकदा लिहिलेली ओळ नंतर बदलते का? बाजारभावात ती बदलते. समित्या आपले आकडे वेगवेगळ्या वेळी भरतात, म्हणून माहिती दुपारी आणि रात्री अशी दोनदा ओढणे बरे. मात्र मग दुपारी आलेली नोंद रात्री पुन्हा येते, कधी जशीच्या तशी, कधी सुधारलेल्या भावासह. फाइलीच्या शेवटी ओळी नुसत्या जोडत गेलो, तर त्या बाजाराची नोंद दोनदा बसते आणि राज्याची सरासरी काढताना त्याला दुप्पट वजन मिळते. आलेख यामुळे मोडत नाही, किंचित सरकतो इतकेच, आणि म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

पार्केची अडचण इथेच आहे. त्या फाइलीचा तपशील, म्हणजे स्तंभांचे प्रकार आणि ओळींचा कोणता गट कुठे सुरू होतो याची माहिती, फाइलीच्या शेवटी लिहिलेली असते. त्यामुळे लिहून पूर्ण झालेल्या फाइलीत एखादी ओळ जागच्या जागी बदलता येत नाही, ती फाइल पुन्हा लिहावी लागते. यावर रूढ तोडगा म्हणजे महिन्याला एक फाइल ठेवणे: चालू महिन्याची फाइल वाचायची, नवे आकडे जोडायचे, बाजार, शेतमाल, वाण, प्रत आणि तारीख यांच्या जोडीवर शेवटची नोंद ठेवून बाकीच्या काढायच्या, आणि तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलायचे, म्हणजे काम मध्येच बंद पडले तरी जुनी फाइल शाबूत राहते. दुसरी अडचण प्रकारांची. पायथनमध्ये पांडाजने लिहिताना स्तंभात सगळे पूर्णांक असतील तर तो पूर्णांकाचा होतो, एखादा भाव रिकामा आला की दशांशाचा होतो, आणि सगळेच रिकामे आले तर त्याला धड प्रकारच उरत नाही. मग महिन्यांच्या फाइली एकत्र वाचताना प्रकार जुळत नसल्याची तक्रार येते, आणि ती नेमकी ज्या महिन्यात काहीतरी विचित्र घडले त्याच महिन्यात येते. म्हणून स्तंभांची रचना लिहिताना स्पष्टपणे सांगावी, ती अंदाजावर सोडू नये.

एसक्यूलाइटमध्ये तीच दुरुस्ती एका विधानात होते:

```sql
INSERT INTO bhav (market, commodity, variety, grade,
                  arrival_date, modal_price, fetched_at)
VALUES (?, ?, ?, ?, ?, ?, ?)
ON CONFLICT (market, commodity, variety, grade, arrival_date)
DO UPDATE SET modal_price = excluded.modal_price,
              fetched_at  = excluded.fetched_at;
```

यासाठी त्या पाच स्तंभांवर प्राथमिक किल्ली हवी आणि पाचही `NOT NULL` हवेत, कारण एसक्यूलाइट दोन रिकाम्या किमती एकसारख्या मानत नाही; प्रत रिकामी राहिली तर दुहेरी नोंद बिनदिक्कत आत शिरते. आणखी एक गोष्ट तारखेची. एसक्यूलाइटला तारखेचा स्वतंत्र प्रकार नाही आणि एपीआयमधली तारीख दिवस-महिना-वर्ष अशी येते. ती तशीच मजकूर म्हणून ठेवली तर `02/11/2025` ही तारीख `15/01/2025` च्या आधी लागते. साठवण्यापूर्वी ती `2025-11-02` अशी करून घ्यावी.

माझे मत एसक्यूलाइटकडे झुकते ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. एखाद्या दिवशी लासलगावची ओळ नसेल, तर बाजार बंद होता की आपला प्रोग्राम चालला नाही? भावाच्या तक्त्याकडे पाहून हे सांगता येत नाही, आणि आलेख रिकाम्या जागेवरून सरळ रेघ ओढून मोकळा होतो. म्हणून दुसरा छोटा तक्ता ठेवावा, ज्यात माहिती ओढण्याच्या प्रत्येक खेपेची वेळ, मिळालेल्या ओळींची संख्या आणि त्रुटी असल्यास तिचा मजकूर असेल. यशस्वी खेपेची नोंद आणि तिचे भाव एकाच व्यवहारात लिहिले, तर दोन्ही लिहिले जातात किंवा दोन्ही नाहीत. फसलेल्या खेपेची नोंद अर्थातच वेगळी लिहावी. सुट्या पार्के फाइलींना ही हमी देता येत नाही. ती हवी असेल तर वर आणखी एक व्यवस्था बसवावी लागते, जी एवढ्याशा कामाला जड आहे.

याला अपवाद आहे, आणि तो नवख्यांच्या बाबतीत वारंवार येतो: प्रोग्राम गिटहब अ‍ॅक्शन्सवर चालत असेल तर. तिथले यंत्र प्रत्येक खेपेनंतर पुसले जाते, त्यामुळे इतिहास रिपॉझिटरीत परत टाकावा लागतो, आणि गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही. सतत वाढणारी आणि रोज बदलणारी एकच एसक्यूलाइट फाइल तिथे आज ना उद्या या भिंतीला टेकते. महिनावार पार्के फाइली अशा ठिकाणी शोभतात, कारण जुने महिने सहसा बदलत नाहीत आणि रोज फक्त एक लहान फाइल नव्याने जाते. खेपांच्या नोंदींची फाइल त्याच कमिटमध्ये टाकली की वर सांगितलेली हमीही बऱ्याच अंशी मिळते.

कायमची डिस्क असलेला लहानसा सर्व्हर हाताशी असेल, तर मी लिहिण्यासाठी एसक्यूलाइट ठेवतो आणि रात्रीच्या खेपेनंतर तिच्यातून पार्के फाइल काढून डॅशबोर्डला देतो. डकडीबी हे विश्लेषणासाठीचे डेटाबेस इंजिन ती फाइल थेट वाचते, वाचणाऱ्यांमुळे लिहिणारा अडत नाही, आणि पार्के कधी बिघडली तरी ती पुन्हा काढता येते. बॅकअप घेताना मात्र मूळ फाइलची साधी प्रत काढू नये: डेटाबेस डब्ल्यूएएल पद्धतीत असेल तर ताजे बदल शेजारच्या `-wal` फाइलीत असू शकतात आणि प्रतीत ते येत नाहीत. `VACUUM INTO` हा आदेश वापरला की सर्व बदलांसह सुसंगत अशी एकच फाइल मिळते, आणि ती महिन्यातून एकदा वेगळ्या यंत्रावर उघडून ओळींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहावी.